सळईची लांबीवाढ: सूत्राचा आकडा आणि यूटीएमचा आकडा का जुळत नाहीत

प्रश्न: मी फोंड्याला राहतो, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही १६ मिमी व्यासाच्या माइल्ड स्टीलच्या साध्या सळईची यूटीएमवर, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशिनवर, ताण चाचणी घेतली. जबड्यांमधले अंतर ३०० मिमी होते. २० किलोन्यूटनला मशिनच्या पडद्यावर १.९ मिमी लांबीवाढ दिसली, सूत्राने मात्र ०.१५ मिमीच येते. आलेखावरून E काढला तर १६ गिगापास्कल आला. ४० ला २.४ मिमी होते, ७० ला १५ मिमी आणि तुटताना ६७ मिमी. यील्ड ५८ ला, कमाल भार ८८, तुटताना ६६ किलोन्यूटन. तुकडे जोडून मोजल्यावर ८० मिमीच्या खुणा १०४ मिमीवर गेल्या होत्या. सूत्र चुकते आहे, मशिन चुकते आहे की मी चुकतो आहे? आणि वक्र वाचायचा तरी कसा?

उत्तर:

तुम्ही दिलेले सगळे आकडे एकमेकांशी सुसंगत आहेत, आणि माझ्या मते तुमची चाचणी व्यवस्थित झाली आहे. अडचण अशी आहे की सूत्र ज्या लांबीबद्दल बोलते ती लांबी आणि मशिनच्या पडद्यावर दिसणारी लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर केवळ ‘लांबीवाढ’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे तो फरक डोळ्यांआड होतो. हा फरक एकदा नीट उलगडला की वक्राचा कोणता भाग विश्वासाने वाचायचा आणि कोणता नाही, हेही आपोआप ठरते. म्हणून मी आधी २० किलोन्यूटनच्या बिंदूवर थोडा जास्त वेळ घालवतो.

प्रथम सूत्राची बाजू पाहू. १६ मिमी व्यासाच्या सळईचे छेदक्षेत्र २०१ चौरस मिमी भरते. २०,००० न्यूटन भाराला २०१ ने भागले की प्रतिबल, म्हणजे स्ट्रेस, ९९.५ मेगापास्कल येते. माइल्ड स्टीलचा यंग गुणांक E २,००,००० मेगापास्कल धरला तर विकृती, म्हणजे स्ट्रेन, ०.०००४९७ येते, दर मीटरला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. ३०० मिमी लांबीसाठी हे ०.१४९ मिमी होते. भार न्यूटनमध्ये, लांबी मिलिमीटरमध्ये आणि प्रतिबल मेगापास्कलमध्ये ठेवले की मध्ये कुठेही शून्ये कमीजास्त करावी लागत नाहीत. विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिसणाऱ्या हजारपट चुका बहुतेक वेळा किलोन्यूटन आणि मिलिमीटर यांची सरमिसळ केल्यामुळे झालेल्या असतात. तुमचा ०.१५ मिमी हा आकडा बरोबर आहे.

हे सगळे एका ओळीत δ = PL/AE असे लिहिले जाते; δ म्हणजे लांबीवाढ, P भार, L लांबी आणि A छेदक्षेत्र. ते चालण्यासाठी भार सळईच्या अक्षावरून जायला हवा, विचारात घेतलेल्या पूर्ण लांबीत छेदक्षेत्र आणि भार तेच असायला हवेत, आणि पदार्थ अजून भार व विकृती यांच्या सरळ प्रमाणाच्या टप्प्यात असायला हवा. २० किलोन्यूटनला तुमच्या सळईच्या मधल्या भागात या तिन्ही अटी पाळल्या गेल्या होत्या. जबड्यांच्या अगदी जवळ, साधारण एक-दोन व्यासांच्या अंतरात, दातांच्या पकडीमुळे प्रतिबल सारखे वाटलेले नसते. परंतु त्यामुळे ०.१५ चे १.९ होत नाही.

आता मशिनची बाजू. क्रॉसहेड, म्हणजे जबडा धरणारी मशिनची सरकती आडवी तुळई, किती सरकले, एवढेच पडद्यावर दिसत होते. त्या सरकण्यात सळईची लांबीवाढ असतेच, पण तिच्याबरोबर बऱ्याच इतर गोष्टी असतात: पाचरीसारखे जबडे आपल्या खोबणीत घट्ट बसेपर्यंत होणारी हालचाल, दात सळईच्या पृष्ठभागात रुतणे, किंचित वाकडी सळई सरळ होणे, आणि मशिनच्या खांबांचे, आडव्या तुळयांचे व स्क्रूंचे स्वतःचे लवचिक ताणले जाणे. मशिनही पोलादाचेच बनलेले असते आणि भाराखाली तेही ताणले जाते. खांब जाड असल्यामुळे त्यांचा वाटा कमी असतो, परंतु जबडे, खोबणी आणि जोड एकत्र धरले की तो सळईच्या लवचिक लांबीवाढीपेक्षा सहज मोठा होतो.

हे तुमच्याच आकड्यांवरून वेगळे करून दाखवता येते. २० किलोन्यूटनला १.९ मिमी आणि ४० ला २.४ मिमी, म्हणजे नंतरच्या २० किलोन्यूटनसाठी फक्त ०.५ मिमी वाढ झाली. सगळी वाढ भाराच्या प्रमाणात असती तर पहिल्या २० ला सुद्धा ०.५ मिमीच व्हायला हवी होती. त्यामुळे सुरुवातीची सुमारे १.४ मिमी ही निव्वळ ढिलाई होती, जी जबडे घट्ट बसल्यावर संपली. तुमच्या आलेखाच्या सुरुवातीला वक्र आडव्या अक्षाला चिकटून जाणारा आणि मग वर वळणारा जो छोटा ‘पाय’ दिसत असेल, तो हाच. पोलादाचा कोणताही गुणधर्म त्या भागात नसतो, म्हणून वरची सरळ रेषा मागे वाढवून ती आडव्या अक्षाला जिथे मिळते तो बिंदू शून्य मानण्याची पद्धत आहे.

पण इथे बरेच जण थांबतात आणि पुन्हा फसतात. ढिलाई वजा करून, केवळ सरळ भागाच्या चढावरून E काढला तर ९९.५ मेगापास्कलला ०.५ भागिले ३०० या विकृतीने भागावे लागते आणि उत्तर सुमारे ६० गिगापास्कल येते. १६ वरून ६० वर आलो, तरी २०० फार दूर आहे. कारण त्या ०.५ मिमीपैकी ०.१५ मिमीच सळईचे आहेत; उरलेले ०.३५ मिमी मशिन आणि पकड यांचे लवचिक ताणणे आहे, आणि ते भाराच्या प्रमाणात असल्यामुळे आलेखावर अगदी सरळ, देखण्या रेषेच्या रूपात येते. म्हणजे रेषा सरळ आहे एवढ्यावरून तिचा चढ म्हणजे पोलादाचा E असे म्हणता येत नाही. तो चढ सळई आणि मशिन या एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगांचा एकत्रित चढ असतो, आणि अशा जोडणीत लांबीवाढीवर जास्त मऊ स्प्रिंगचे वर्चस्व असते.

एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी अशी आहे. पोलाद कोणत्या प्रतीचे आहे किंवा त्यावर कोणती उष्णताप्रक्रिया केली आहे, यावर यील्ड आणि कमाल प्रतिबल पुष्कळ बदलतात, पण E जवळजवळ हलत नाही. खोलीच्या तापमानाला तो १९० ते २१० गिगापास्कलच्या पट्ट्यात राहतो. त्यामुळे साध्या पोलादाच्या सळईवर ६० किंवा १६ आले तर पोलादावर शंका न घेता मोजण्याच्या पद्धतीवर घ्यावी. १६ गिगापास्कल हा आकडा लाकडाच्या जातीचा आहे, आणि तुमची सळई ८८ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे ४३८ मेगापास्कलपर्यंत गेली. हे दोन आकडे एकाच पदार्थाचे असू शकत नाहीत, हे उत्तर लिहितानाच जाणवायला हवे.

मग E कसा काढायचा? त्यासाठी सळईच्या मधल्या भागावर एक्स्टेन्सोमीटर बसवावा लागतो, जो केवळ आपल्या दोन पकडींमधल्या लांबीतला बदल मोजतो आणि ज्याला जबड्यांच्या ढिलाईशी किंवा मशिनच्या ताणण्याशी काही देणेघेणे नसते. तुमच्या सळईसाठी गेज लांबी ८० मिमी योग्य आहे, म्हणजे व्यासाच्या पाचपट. खुणाही तुम्ही तेवढ्याच अंतरावर केल्या होत्या. परंतु इथे मोजमापाची दुसरी अडचण येते. २० किलोन्यूटनला ८० मिमी लांबीत फक्त ०.०४ मिमी वाढ होते. तुमच्या प्रयोगशाळेतल्या एक्स्टेन्सोमीटरची डायल ०.०१ मिमीची असेल तर काटा चारच घरे सरकेल, आणि वाचताना एक घर इकडेतिकडे झाले तर उत्तरात चतुर्थांश फरक पडेल.

म्हणून एका बिंदूवरून E कधीच काढू नये. ढिलाई संपल्यानंतरचा एक भार, समजा १० किलोन्यूटन, आणि यील्डच्या बऱ्यापैकी खाली राहणारा दुसरा भार, समजा ४५ किलोन्यूटन, यांच्यामधला फरक घ्यावा. ३५ किलोन्यूटन म्हणजे १७४ मेगापास्कल, आणि डायल ०.०७ मिमी पुढे गेली तर विकृती ०.०००८७५ आणि E १९९ गिगापास्कल. तरीही एक घर कमी वाचले तर २३२ आणि एक घर जास्त वाचले तर १७४ येते, हे करून पाहा. त्यामुळे मधल्या पाच-सहा भारांवर वाचन घेऊन, आलेखावर बिंदू मांडून त्यांच्यामधून सरळ रेषा काढावी आणि तिचा चढ घ्यावा. ०.००१ मिमीपर्यंत वाचणारे उपकरण असेल तर प्रश्न बराच हलका होतो. उपकरणाला दोन बाजूंना दोन डायली असतील तर दोन्ही वाचून सरासरी घ्यावी. जबड्यात सळई थोडी तिरकी धरली गेली असेल तर एक बाजू जास्त ताणली जाते आणि एक कमी, आणि एकाच बाजूचे वाचन तुम्हाला अक्षीय लांबीवाढीऐवजी वाकण्याचा आकडा देते. दोन डायलींमध्ये मोठा फरक दिसला तर भार उतरवून सळई पुन्हा नीट धरणे हाच उपाय आहे. आणि यील्ड येण्याआधी एक्स्टेन्सोमीटर काढून ठेवायला विसरू नये, कारण सळई तुटताना बसणारा झटका त्याला सोसत नाही.

छेदक्षेत्राबद्दलही एक शब्द. व्यास वर्गात जात असल्यामुळे त्यातली चूक दुप्पट होऊन प्रतिबलात येते. दुकानातून ‘१६ ची’ म्हणून आणलेली सळई नेहमी १६.०० मिमी नसते. व्हर्नियरने तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजून सरासरी घ्यावी. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर उघड्यावर पडलेल्या सळईवर गंजाची पापुद्री असते, ती घासून काढल्याशिवाय व्यास मोजला तर गंजाची जाडी पोलाद म्हणून हिशोबात येते. फासळ्या असलेल्या टीएमटी सळईवर व्यास मोजणे निरर्थकच आहे. तिथे एक मीटर लांबीचे वजन किलोमध्ये घेऊन त्याला ०.००७८५ ने भागले की छेदक्षेत्र चौरस मिलिमीटरमध्ये मिळते.

आता वक्राकडे येऊ. क्रॉसहेडच्या आलेखाचा आडवा अक्ष सुरुवातीला अविश्वसनीय असला तरी उभा अक्ष चांगला असतो, कारण भार मोजणारी यंत्रणा वेगळी असते आणि सळई व मशिन या दोघांतून जाणारा भार एकच असतो. म्हणून यील्डचा भार, कमाल भार आणि तुटतानाचा भार हे तिन्ही तुम्ही निर्धास्तपणे वाचू शकता. ५८ किलोन्यूटनला २०१ ने भागून यील्ड प्रतिबल २८९ मेगापास्कल आणि ८८ किलोन्यूटनवरून कमाल प्रतिबल ४३८ मेगापास्कल येते. ज्या पोलादाचे किमान यील्ड प्रतिबल २५० मेगापास्कल धरले जाते, त्याच्या नमुन्यासाठी हे अगदी नेहमीचे आकडे आहेत. यील्डच्या जागी काटा अडखळतो, किंचित मागे येतो आणि काही काळ भार न वाढता सळई लांबत राहते; तो सपाट भाग ज्या पातळीवर आहे ती नोंदवावी, पहिले टोक नव्हे, कारण ते टोक भार देण्याच्या वेगावर आणि सळई किती सरळ धरली आहे त्यावर बरेच अवलंबून असते. तुमचे ५८ हे टोक आहे की सपाट भाग, हे आलेखावर एकदा तपासा.

साध्या माइल्ड स्टीलमध्ये हा अडखळा स्पष्ट दिसतो; काही सळयांत तो दिसत नाही आणि वक्र हळूहळू वळतो. तेव्हा ०.२ टक्के विकृतीवरून सुरुवातीच्या सरळ भागाला समांतर रेषा काढून ती वक्राला जिथे छेदते तिथले प्रतिबल घेतात. क्रॉसहेडच्या आलेखावर हे करायचे झाले तर त्या आलेखाच्या स्वतःच्या सरळ भागाला समांतर रेषा काढावी. पुस्तकातल्या २०० गिगापास्कलच्या चढाने रेषा काढली तर ती वक्राला भलत्याच ठिकाणी छेदेल.

७० किलोन्यूटनचा बिंदू मला सर्वांत उद्बोधक वाटतो. सूत्रात ७० किलोन्यूटन घातले तर उत्तर ०.५२ मिमी येते, आणि तुम्हाला १५ मिमी दिसले. त्यातून १.४ मिमी ढिलाई आणि मशिनचे सुमारे १.२ मिमी ताणणे वजा केले तरी १२.४ मिमी सळईचेच उरतात, म्हणजे ३०० मिमीवर साधारण ४ टक्के. या वेळी फरकाचे कारण मशिन नाही. प्रतिबल ३४८ मेगापास्कल आहे, यील्ड २८९ ला होऊन गेले आहे, आणि त्यामुळे सूत्राची तिसरी अट मोडली आहे. यील्डनंतर एका प्रतिबलाला एक ठरावीक विकृती E वरून काढता येत नाही; ती त्या विशिष्ट पोलादाच्या वक्रावरूनच वाचावी लागते. परीक्षेत किंवा कामात लांबीवाढ काढण्याआधी P भागिले A करून ते यील्डच्या खाली आहे का हे पाहणे ही पहिली पायरी मानावी, कारण सूत्र स्वतः कधीही ‘मी इथे लागू नाही’ असे सांगत नाही. ते प्रत्येक भाराला एक नीटनेटके उत्तर देत राहते.

तरीही सूत्राचा तो ०.५२ मिमी फुकट गेलेला नाही. त्याच क्षणी तुम्ही मशिन थांबवून भार उतरवला असता तर सळई आलेखावर मागे ज्या रेषेने आली असती, ती सुरुवातीच्या लवचिक रेषेला जवळजवळ समांतर असती, आणि सळईने परत मिळवलेली लांबी बरोबर ०.५२ मिमी भरली असती. म्हणजे १२.४ मिमीपैकी सुमारे ११.९ मिमी कायमची वाढ आणि अर्धा मिलिमीटर परत येणारी. तुमच्याकडे आणखी एक नमुना असेल तर यील्डच्या पुढे एकदा भार उतरवून पुन्हा चढवून पाहा. दुसऱ्या वेळी सळई जुन्या ५८ ला अडखळत नाही, ती थेट ७० च्या आसपास जाऊनच लांबू लागते. लवचिक वाढ आणि कायमची वाढ यांतला भेद इतका स्पष्ट मला दुसऱ्या कोणत्याही आकृतीत दिसलेला नाही.

आता तुटतानाच्या आकड्यांबद्दल. ८० च्या खुणा १०४ वर गेल्या म्हणजे लांबीवाढ ३० टक्के. पण मशिनचे ६७ भागिले ३०० केले तर २२ टक्केच येते. हा फरक मशिनच्या ढिलाईचा असता तर मशिनचा आकडा मोठा यायला हवा होता, तो लहान आला आहे. कारण कमाल भारानंतर सळई सगळीकडे सारखी लांबत नाही. एका जागी मान पडते आणि पुढची जवळजवळ सगळी वाढ त्या थोड्याशा लांबीत होते. तुमच्या आकड्यांशी जुळणारी विभागणी अशी मांडता येते: मान पडेपर्यंत सर्वत्र १८ टक्के, आणि मानेत जास्तीचे ९.६ मिमी. मग ८० मिमीवर १४.४ अधिक ९.६ म्हणजे २४ मिमी, ३० टक्के. आणि ३०० मिमीवर ५४ अधिक ९.६ म्हणजे ६३.६ मिमी, केवळ २१ टक्के. त्यात ढिलाईचे १.४, मशिनच्या ताणण्याचे १.२ आणि सळईच्या लवचिक वाढीचे अर्धा मिलिमीटर मिळवले की ६६.७, म्हणजे जवळजवळ तुमचे ६७ मिमी भरतात. ही विभागणी मी आकड्यांवरून केली आहे. ती पडताळायची तर पुढच्या नमुन्यावर पूर्ण लांबीभर दर १० मिमीला खूण करा आणि तुटल्यावर मानेपासून दूरची घरे मोजा.

यातून व्यवहाराची गोष्ट अशी निघते की टक्केवारीतली लांबीवाढ गेज लांबी सांगितल्याशिवाय अपुरी असते. मी काही वर्षे वास्कोजवळ बार्ज दुरुस्तीच्या कामात सळया आणि पत्र्यांची चाचणी प्रमाणपत्रे तपासत असे, आणि दोन प्रमाणपत्रांतल्या टक्केवारीची तुलना करण्याआधी दोन्हीकडे गेज लांबी एकाच पद्धतीने ठरवली आहे का हे पाहणे मला आवश्यक वाटत असे. छेदक्षेत्राच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट ही सर्वमान्य रीत आहे, आणि गोल सळईसाठी ती व्यासाच्या पाचपटच भरते. सळई जबड्यापाशी किंवा खुणांच्या बाहेर तुटली असेल तर मानेचा वाटा मोजणीत पूर्णपणे येत नाही आणि टक्केवारी खोटी कमी दिसते. असा नमुना बाजूला ठेवून दुसरा घ्यावा.

शेवटी वक्र ८८ वरून ६६ किलोन्यूटनवर उतरला, म्हणून पोलाद कमजोर झाले असे समजू नये. उतरला आहे तो भार, आणि तुम्ही त्याला मूळ छेदक्षेत्राने भागत आहात. तुटलेल्या टोकाचा व्यास मोजा. तो १० मिमीच्या आसपास असेल तर तिथले क्षेत्र ७८.५ चौरस मिमी होते आणि ६६ किलोन्यूटनला त्या जागेवरचे सरासरी प्रतिबल ८४० मेगापास्कल भरते. मानेतले पोलाद शेवटपर्यंत अधिकाधिक प्रतिबल सोसत होते, फक्त तिथे क्षेत्र त्याहून वेगाने कमी होत होते.

सूत्रावर विश्वास कुठे ठेवायचा, हेही यातून स्पष्ट होते: यील्डच्या खाली, आणि ज्याची लांबी व छेदक्षेत्र तुम्हाला नक्की माहीत आहे अशा भागासाठी. उदाहरण म्हणून एखाद्या वर्कशॉपच्या छपरातला ३ मीटर लांबीचा, १६ मिमीचा टाय रॉड घ्या, ज्याच्या दोन्ही टोकांना १५० मिमी आटे पाडलेले आहेत आणि ज्यावर तेच २० किलोन्यूटन आहेत. आट्यांमध्ये प्रभावी क्षेत्र २०१ नसून १५७ चौरस मिमी धरले जाते, म्हणून तिथे प्रतिबल १२७ मेगापास्कल होते. मधल्या २७०० मिमीची वाढ १.३४ मिमी आणि आट्यांच्या ३०० मिमीची ०.१९ मिमी, एकूण १.५३ मिमी, आटे विसरून काढले असते तर १.४९ मिमी आले असते. लांबीवाढ ही पूर्ण लांबीभरची बेरीज असल्यामुळे तीत आट्यांचा परिणाम नगण्य आहे, पण रॉड टिकेल की नाही हे सर्वांत लहान छेद ठरवतो आणि तिथे प्रतिबल २८ टक्क्यांनी वाढले आहे. एकाच रॉडच्या या दोन उत्तरांसाठी दोन वेगवेगळे छेद पाहावे लागतात. मे महिन्यात पत्र्याखाली रॉड २० अंशांनी तापला तर केवळ उष्णतेने तो सुमारे ०.७ मिमी लांबतो, म्हणजे भाराने होणाऱ्या वाढीच्या जवळजवळ निम्मा. त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर लांबी मोजून रॉडमधला भार ओळखायचा असेल तर दोन्ही वेळचे तापमान लिहून ठेवल्याशिवाय तो आकडा वापरता येत नाही.

तुमच्या अहवालासाठी मी एवढेच सुचवेन की आलेखाच्या आडव्या अक्षाला ‘क्रॉसहेडचे सरकणे, जबड्यांमधील अंतर ३०० मिमी’ असे नाव द्या, त्यावरून यील्ड आणि कमाल प्रतिबल लिहा, आणि लांबीवाढीची टक्केवारी खुणांवरून काढून शेजारी गेज लांबी ८० मिमी नोंदवा. E च्या रकान्यात १६ लिहू नका, आणि पुस्तकातून २०० उतरवूही नका. या चाचणीत एक्स्टेन्सोमीटर लावला नव्हता म्हणून E काढता येत नाही, असे लिहून वरची ०.५ मिमीची विभागणी कारण म्हणून जोडा. प्रयोगशाळेत एक्स्टेन्सोमीटर उपलब्ध असेल तर त्याच सळईचा दुसरा तुकडा १० ते ४५ किलोन्यूटनच्या दरम्यान तपासून घ्या; तेवढ्या भाराने तुकडा खराब होत नाही, त्यामुळे हवे तितक्या वेळा वाचन पुन्हा घेता येईल.